सूर्य, चंद्र आणि पाच रकाने

पंचांगाचे पान उघडले की नावांची आणि आकड्यांची इतकी दाटी दिसते, की बहुतेक जण सण आणि तिथी पाहून पान मिटतात. खरे तर त्या दाटीमागे दोनच आकडे आहेत. सूर्य या क्षणी कुठे आहे हा एक आणि चंद्र कुठे आहे हा दुसरा. तिथी, नक्षत्र, योग आणि करण ही चार अंगे या दोन आकड्यांतून निघतात. पाचवे अंग म्हणजे वार, आणि त्याला केवळ सूर्योदय लागतो.

हे आकडे अंशांत मोजलेले असतात. सूर्य वर्षभरात ताऱ्यांमधून ज्या वाटेने फिरताना दिसतो, ते क्रांतिवृत्त. त्याचे ३६० अंश, आणि मोजणी मेष राशीच्या आरंभापासून. सूर्य रोज साधारण एक अंश पुढे जातो. चंद्र त्याच वाटेच्या आसपास राहून रोज सरासरी तेरा अंशांहून थोडा जास्त पुढे जातो. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक कला. मेषारंभापासून सूर्याचे किंवा चंद्राचे जे अंतर येते, त्याला पंचांगकर्ते ‘भोग’ म्हणतात. एवढी सामग्री पुरेशी आहे. पुढे शाळेतल्या बेरीज-वजाबाकीपलीकडे काही लागत नाही.

एक दिवस घेऊन हे करून पाहू. ७ सप्टेंबर २०२५, रविवार, भाद्रपद पौर्णिमा. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झाली होती आणि त्या रविवारी रात्री भारतभर खग्रास चंद्रग्रहण दिसले. हा दिवस मुद्दाम निवडला आहे. चंद्रग्रहण लागते तेव्हा सूर्य, पृथ्वी आणि चंद्र एका रेषेत असतात, म्हणजे सूर्य आणि चंद्र आकाशात एकमेकांच्या बरोबर समोर. त्यामुळे आपले गणित छापील पानावर नव्हे, थेट आकाशावर ताडून पाहता येते.

त्या रात्री ११ वाजून ३८ मिनिटांनी सूर्याचा भोग १४१ अंश १० कला होता आणि चंद्राचा ३२१ अंश १० कला. चंद्रातून सूर्य वजा केला की उरतात १८० अंश. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे गेला की एक तिथी संपते. १८० ला १२ ने भागले की १५ येतात. याचा अर्थ पंधरावी तिथी, पौर्णिमा, त्या क्षणी पूर्ण झाली. ग्रहणाचा मध्य ११ वाजून ४१ मिनिटांनी होता. दोन-तीन मिनिटांचा फरक राहतो, कारण चंद्राची वाट क्रांतिवृत्ताशी थोडी तिरपी आहे. समोरासमोर येण्याचा क्षण आणि पृथ्वीच्या सावलीत सर्वांत खोल जाण्याचा क्षण अगदी एकच नसतो.

अमावास्येला चंद्र आणि सूर्य एकाच अंशावर येतात, तिथून मोजणी सुरू होते. बारा अंशांपर्यंत प्रतिपदा, चोवीसपर्यंत द्वितीया, असे करत ३६० अंशांत तीस तिथी होतात. तिथी ही घड्याळाच्या वेळेची नव्हे, कोनाची वाटणी आहे, हे एकदा ध्यानात आले की पंचांगातील निम्मी कोडी सुटतात. चंद्राची गती रोज सारखी नसते. तो पृथ्वीच्या जवळ असतो तेव्हा वेगाने पळतो, लांब असतो तेव्हा रेंगाळतो. त्यामुळे बारा अंशांचे अंतर कधी जेमतेम वीस तासांत पडते, तर कधी त्याला सव्वीस तासांहूनही जास्त वेळ लागतो. आपल्या उदाहरणातील पौर्णिमा शनिवारी मध्यरात्र उलटून पावणेदोनच्या सुमारास लागली आणि रविवारी रात्री ११ वाजून ३८ मिनिटांनी संपली, म्हणजे सुमारे बावीस तासांची झाली. तीनच दिवसांनी चंद्र पृथ्वीच्या सर्वांत जवळ येणार होता, म्हणून तो घाईत होता.

मग कॅलेंडरच्या एका चौकोनात एकच तिथी कशी छापतात? त्यासाठी सूर्योदयाच्या वेळी जी तिथी चालू असेल ती त्या दिवसाची, असा नियम आहे. एखादी तिथी सूर्योदयानंतर लागून पुढच्या सूर्योदयाआधीच संपली, तर तिच्या वाट्याला दिवसच येत नाही. तिला आपण क्षयतिथी म्हणतो. उलट एखादी तिथी दोन सूर्योदयांना स्पर्श करून गेली तर ती सलग दोन दिवस छापली जाते, ती वृद्धितिथी. क्षय झाला म्हणजे तिथी नाहीशी झाली असे नाही. ती आकाशात होऊन गेलेली असते, फक्त सूर्योदय तिला चुकलेला असतो. व्रतांचे नियम मात्र निराळे आहेत. संकष्टीला चंद्रोदयाची चतुर्थी लागते, गणेश चतुर्थीला मध्यान्हीची, लक्ष्मीपूजनाला प्रदोषकाळची अमावास्या. त्यामुळे चौकोनात तृतीया छापलेली असताना त्याच दिवशी संकष्टी आली, तर ती छपाईची चूक समजू नये.

परंपरेने पुढचे नाव वाराचे येते, पण वजाबाकी हाताशी आहे तोवर आधी करण घेऊ. करण म्हणजे अर्धी तिथी, सहा अंशांची. महिन्यात अशी साठ करणे होतात, पण नावे अकराच. त्यांपैकी बव, बालव, कौलव, तैतिल, गर, वणिज आणि विष्टि ही सात चर करणे आठ वेळा फिरून येतात आणि छप्पन्न जागा भरतात. उरलेल्या चार जागा अमावास्येच्या आसपासच्या. तिथे शकुनि, चतुष्पाद, नाग आणि किंस्तुघ्न ही स्थिर करणे महिन्यातून एकेकदाच येतात.

या अकरांपैकी लोकांना माहीत असते ते एकच, विष्टि. तिलाच भद्रा म्हणतात. रक्षाबंधन जवळ आले की ‘यंदा भद्रा आहे का’ अशी विचारणा सुरू होते. भद्रा दरवर्षीच असते. शुक्ल प्रतिपदेचा पहिला अर्धा भाग किंस्तुघ्नाचा. दुसऱ्या अर्ध्यापासून बव, बालव असे सातांचे चक्र सुरू होते. बोटांवर मोजत गेलात तर विष्टि चतुर्थीच्या उत्तरार्धात येते, मग अष्टमीच्या पूर्वार्धात, एकादशीच्या उत्तरार्धात आणि चौथ्या फेरीत पौर्णिमेच्या पूर्वार्धात. म्हणजे प्रत्येक पौर्णिमेचा पहिला अर्धा भाग भद्रेचाच असतो, मग ती श्रावणातली असो की होळीची. बदलते ते एवढेच, की तो अर्धा भाग घड्याळात कधी पडतो. २०२३ साली राखीपौर्णिमेच्या आधीची भद्रा ३० ऑगस्टला रात्री नऊपर्यंत होती, २०२४ मध्ये १९ ऑगस्टला दुपारी दीडपर्यंत, तर २०२५ मध्ये ती ९ ऑगस्टच्या सूर्योदयाआधीच संपलेली होती. आपल्या ७ सप्टेंबरलाही हाच हिशेब लागतो. पौर्णिमा पावणेदोनला लागली, तिची लांबी बावीस तास, म्हणून भद्रा दुपारी पाऊणच्या सुमारास संपली आणि बव सुरू झाले. पौर्णिमेचा आरंभ आणि शेवट कळला की भद्रेची वेळ कुणालाही विचारायची गरज उरत नाही.

आता नक्षत्र. इथे वजाबाकी नको, एकट्या चंद्राचा भोग पुरतो. क्रांतिवृत्ताचे २७ समान भाग केले की प्रत्येक १३ अंश २० कलांचा होतो. अश्विनीपासून रेवतीपर्यंत त्यांची नावे आहेत. चंद्र एका नक्षत्रात सरासरी चोवीस तासांहून थोडा जास्त राहतो. त्या रात्री ग्रहणाच्या वेळी चंद्र ३२१ अंश १० कलांवर होता. चोवीस नक्षत्रांचे ३२० अंश होतात. ते ओलांडून चंद्र पंचविसाव्या, म्हणजे पूर्वाभाद्रपदा नक्षत्रात नुकताच शिरला होता. रात्री पावणेदहापर्यंत तो शततारकेत होता. पौर्णिमेचा चंद्र ज्या नक्षत्राच्या आसपास येतो त्यावरून आपल्या महिन्यांची नावे पडली आहेत, आणि भाद्रपद हे नाव का, याचे उत्तर त्या रात्री काळवंडलेल्या चंद्राच्या रूपाने सर्वांच्या डोक्यावर होते.

बाळाचे नावाचे अक्षरही इथूनच येते. प्रत्येक नक्षत्राचे चार चरण, प्रत्येक चरण ३ अंश २० कलांचा आणि प्रत्येकाला एक अक्षर. शततारकेची अक्षरे गो, सा, सी, सू आणि पूर्वाभाद्रपदेची से, सो, दा, दी. त्या रविवारी रात्री नऊ वाजता जन्मलेल्या बाळाला ‘सू’ आले असते आणि ग्रहणाच्या मध्याला जन्मलेल्याला ‘से’. म्हणून गुरुजी तारखेवर समाधान न मानता जन्मवेळ विचारतात.

नक्षत्राच्या बाबतीत आपल्याकडे एक घोळ नेहमी होतो. शेतकरी ‘मृग लागला’, ‘हस्ताचा पाऊस पडला’ म्हणतात तेव्हा ते सूर्याच्या नक्षत्राबद्दल बोलत असतात. सूर्य एका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस राहतो. जूनच्या ७-८ तारखेला तो मृगात जातो आणि पावसाची नक्षत्रे सुरू होतात. पंचांगाच्या रोजच्या ओळीतील नक्षत्र मात्र चंद्राचे. त्या ७ सप्टेंबरला रोजचे नक्षत्र आधी शततारका, मग पूर्वाभाद्रपदा होते, आणि पावसाचे नक्षत्र होते पूर्वा, कारण १४१ अंशांवरचा सूर्य पूर्वाफाल्गुनीत येतो.

पाच अंगांपैकी नवख्याला सर्वांत कोड्यात टाकतो तो योग. तिथीत चंद्र आणि सूर्य यांची वजाबाकी असते, योगात बेरीज. दोघांचे भोग मिळवायचे, ३६० च्या वर गेले तर ३६० वजा करायचे आणि १३ अंश २० कलांनी भागायचे. आपल्या रात्री १४१ अंश १० कला आणि ३२१ अंश १० कला यांची बेरीज ४६२ अंश २० कला. ३६० काढून उरले १०२ अंश २० कला. सात योगांचे ९३ अंश २० कला होतात, म्हणजे आठवा योग, धृति, चालू होता. असे सत्तावीस योग आहेत, विष्कंभापासून वैधृतीपर्यंत.

वजाबाकीचा अर्थ डोळ्यांना दिसतो. अंतर वाढेल तशी चंद्राची कोर वाढते. बेरजेचे तसे काही दिसत नाही, आणि म्हणून हे अंग बहुतेकांना पाठांतरापुरतेच राहते. पण त्यामागे एक भूमिती आहे. वसंतसंपातापासून, म्हणजे २१ मार्चच्या सुमारास सूर्य जिथे असतो त्या बिंदूपासून, भोग मोजले आणि दोघांची बेरीज १८० अंश झाली, तर सूर्य आणि चंद्र विषुववृत्ताच्या एकाच बाजूला जवळपास सारख्याच अंतरावर असतात. बेरीज ३६० झाली तर ते सारख्या अंतरावर, पण विरुद्ध बाजूंना असतात. सूर्यसिद्धान्तात या स्थितींसाठी ‘पाताधिकार’ नावाचे स्वतंत्र प्रकरण आहे. पहिल्या स्थितीचे नाव व्यतीपात आणि दुसरीचे वैधृति. सत्तावीस योगांच्या यादीत हीच दोन नावे आहेत आणि तेच दोन योग मंगलकार्याला पूर्ण वर्ज्य मानतात.

गुरुपुष्यामृत किंवा अमृतसिद्धी हे योग या यादीत शोधू नयेत. ते वार आणि नक्षत्र जुळून होतात. गुरुवारी चंद्र पुष्यात असला की गुरुपुष्य. त्याचा या बेरजेशी संबंध नाही.

वार हे एकच अंग असे आहे की ज्याला चंद्र लागत नाही. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, रात्री बाराला नाही. आपली पौर्णिमा घड्याळाप्रमाणे रविवारी पहाटेआधी पावणेदोनला लागली, पण पंचांगाच्या हिशेबाने तो अजून शनिवारच होता. काही पंचांगांत २५ किंवा २६ वाजता असे आकडे दिसतात ते याचसाठी. सूर्योदय होईपर्यंत दिवस संपलेला नाही, म्हणून चोवीसच्या पुढे मोजत जायचे. वारांचा क्रम होऱ्यांवरून आला आहे. रविवारची पहिली होरा रवीची, मग शुक्र, बुध, चंद्र, शनी, गुरू, मंगळ आणि पुन्हा रवी. चोवीस होरा संपून पंचविसावी चंद्राची येते, म्हणून रविवारनंतर सोमवार.

आता त्या दिवसाची छापील ओळ वाचता येईल. पौर्णिमा २३:३८, नक्षत्र शततारका २१:४१, योग सुकर्मा सकाळी सव्वानऊ-साडेनऊच्या सुमारास, करण विष्टि दुपारी पाऊणच्या सुमारास. नावापुढची प्रत्येक वेळ समाप्तीची असते, आरंभाची नव्हे. नवखा वाचक सर्वाधिक फसतो तो इथेच. शततारकेपुढे २१:४१ दिसले की शततारका तेव्हा लागते असे त्याला वाटते, आणि बाळाचे अक्षर चुकते. जुन्या पंचांगांत ही वेळ घटी-पळांत असते. सूर्योदयापासून मोजायची, घटी चोवीस मिनिटांची आणि पळ चोवीस सेकंदांचे.

दोन पंचांगे शेजारी ठेवली आणि त्यांच्या वेळा जुळल्या नाहीत, तर कोणते अंग जुळत नाही हे आधी पाहावे. त्यावरून कारण कळते. मेषेचा आरंभ नेमका कुठे धरायचा यावर महाराष्ट्रात जुना मतभेद आहे. चित्रापक्ष चित्रा ताऱ्याला १८० अंशांवर धरून मोजतो. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीनंतर १९५७ पासून निघणारे राष्ट्रीय पंचांगही याच मार्गाचे आहे आणि या लेखातील आकडेही त्याचेच आहेत. रैवतपक्ष रेवती नक्षत्रातील ताऱ्यापासून आरंभ करतो; टिळक पंचांग त्या पक्षाचे. दोन्ही आरंभांत सुमारे चार अंशांचा फरक आहे.

हे चार अंश आपल्या गणितात घालून पाहा. सूर्य १४५ अंश १० कला होतो, चंद्र ३२५ अंश १० कला. वजाबाकी पुन्हा १८०. दोन्हीकडे सारखेच मिळवले तर वजाबाकी बदलत नाही, म्हणून तिथी आणि करण दोन्ही पक्षांत तंतोतंत एकच राहतात. नक्षत्रात चंद्र एकटा आहे, तिथे चार अंशांचा पूर्ण फरक पडतो; नक्षत्राची समाप्ती सुमारे सात तास आधी येते. त्या रात्री नक्षत्र पूर्वाभाद्रपदाच राहिले असते, पण चरण दुसरा होऊन ‘से’ऐवजी ‘सो’ आले असते. योगात तोच फरक दुप्पट होतो, आठ अंशांचा. बेरीज ११० अंश २० कला होते आणि धृतीच्या जागी नववा योग, शूल, येतो. तेव्हा नक्षत्र आणि योग निराळे पण तिथी एकच असेल, तर तो पक्षभेद आहे. दोघांचेही गणित बरोबर असू शकते.

तिथीच जुळत नसेल तर गोष्ट वेगळी. मग एका पंचांगाचे सूर्य-चंद्रच आकाशाशी जुळत नाहीत. जुन्या सारण्यांवर चालणाऱ्या पंचांगांत तिथीची लांबी ५४ ते ६५ घटींच्या आत राहते. पंचांगकर्ते याला ‘बाणवृद्धी, रसक्षय’ म्हणतात, म्हणजे साठाला पाचांची वाढ आणि सहांची घट. प्रत्यक्ष चंद्र या मर्यादा दोन्हीकडे ओलांडतो. चंद्रावर पृथ्वीबरोबर सूर्याचीही ओढ असते आणि जुन्या सारण्यांत तिचे सर्व परिणाम धरलेले नाहीत. आकाशाशी जुळणारे दृक्‌प्रत्ययी पंचांग असावे यासाठी एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे आणि त्यांच्यानंतर व्यंकटेश बापूजी केतकर यांनी नव्या गणिताची कोष्टके तयार केली. या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे. तिथी ही सूर्य-चंद्रांची प्रत्यक्ष स्थिती असेल तर ती प्रत्यक्ष चंद्रावरूनच काढली पाहिजे. परीक्षाही सोपी आहे. चंद्रग्रहणाच्या मध्यापासून काही मिनिटांच्या आत पौर्णिमा संपत नसेल, तर ते पंचांग चुकते आहे.

परदेशातल्या मराठी घरांसाठी एक गोष्ट राहिली. तिथी संपण्याचा क्षण साऱ्या पृथ्वीवर एकच असतो, सूर्योदय मात्र गावागणिक वेगळा. ७ सप्टेंबर २०२५ ची हीच पौर्णिमा ऑकलंडच्या घड्याळात त्या दिवशी सकाळी सव्वाआठच्या सुमारास लागली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी संपली. तिथला सूर्योदय त्या सुमारास साडेसहाच्या आगेमागे होतो. पौर्णिमा लागली ती एका सूर्योदयानंतर आणि संपली ती पुढच्या सूर्योदयाआधी, म्हणजे पुण्यात जी सरळ उदयतिथी होती ती ऑकलंडमध्ये क्षयतिथी झाली. महाराष्ट्रात छापलेल्या पंचांगावर नुसते तासांचे अंतर मिळवून हे कळत नाही. म्हणून गावाबाहेर, देशाबाहेर असाल तर पंचांगाच्या पहिल्या पानावर सूर्योदय कोणत्या गावाचा दिला आहे ते आधी पाहा, आणि आपल्या शहरासाठी केलेले पंचांगच वापरा.